दुःखाच्या रजेवरून परतताना

तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे. रविवारी रात्री दोन गोष्टी मनात घोळत राहतात. एक, इतके दिवस ज्यांनी आपलं काम ओढलं त्यांचे आभार कसे मानायचे. आणि दुसरी, घरात जे घडलं त्यातलं ऑफिसात किती बोलायचं. दोन्हींचा गुंता होतो तो इथेच. आपण आभार मानायला तोंड उघडतो आणि सांगू लागतो ते आजारपण. समोरचा माणूस हातातलं काम बाजूला ठेवून आपलं सांत्वन करायला लागतो. आपल्यासाठी आधीच राबलेल्या माणसाला आपण आणखी एक काम दिलेलं असतं, आणि आभार राहूनच जातात.

यावर माझं उत्तर सरळ आहे. सहकाऱ्याचे आभार त्याने केलेल्या कामाबद्दल मानावेत. ते काम नेमकं काय होतं, हे आधी समजून घ्यावं. त्याच्या कामाबद्दल नेमकं बोलता आलं, तर आपल्या दुःखाबद्दल फार बोलावं लागत नाही.

आपल्याकडे दुखवट्याला भेटायला येण्याची रीत आहे. येणारा जमिनीवर बसतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, "कसं झालं?" घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगतं. दुखायला कधी लागलं, दवाखान्यात कधी नेलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटचं बोलणं काय झालं. दुसरा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. या सांगण्याने घरातल्यांचं मन हलकं होतं, म्हणून ही रीत मला मोलाची वाटते. दशक्रिया असो, जलदान विधी असो की महिन्याची मिस्सा, त्या दिवसांत घराचं दार उघडं असतं आणि बोलायला मुभा असते. ऑफिसात तोच प्रश्न तितक्याच मायेने विचारला जातो, पण तिथे समोर रांग उभी असते, फोन वाजत असतो, आणि विचारणारा उद्या, परवा, वर्षभर शेजारच्याच टेबलावर बसणार असतो. घरी जे सांगून मोकळं वाटतं, तेच ऑफिसात सांगितलं की पुढे कित्येक दिवस अवघडल्यासारखं होतं.

आता कामाचं. आभार हा नुसता शिष्टाचार का नाही, हे रजेच्या हिशोबावरून कळतं. महाराष्ट्रात दुकानं आणि खासगी आस्थापनांना लागू असलेल्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यालाही नैमित्तिक रजा वर्षाला 8 दिवसच मिळते. काही संस्था आपल्या नियमांनी दुखवट्याची वेगळी रजा देतात, पण त्या 2017 च्या कायद्यात अशी रजा नाही. त्यामुळे दवाखान्याचे आठ-दहा दिवस आणि नंतरचे तेरा दिवस बहुतेकांना साठलेल्या रजेतूनच काढावे लागतात. शिवाय या रजेच्या काळात बदली माणूस सहसा मिळत नाही. ठरवून घेतलेल्या रजेआधी आपण कामं उरकून जातो. ही रजा मात्र एका फोनवर सुरू होते. टेबलावर जे उघडं पडलेलं असतं, ते शेजारच्याला जसंच्या तसं उचलावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. मला बँकेच्या शाखेचं काम जवळून ठाऊक आहे, म्हणून शाखाच घेतो. समजा, तालुक्याच्या गावातली मध्यम शाखा आहे. शाखाधिकारी, दोन अधिकारी, एक क्षेत्र अधिकारी, कॅशिअर, दोन-तीन क्लार्क आणि एक दप्तरी. नोव्हेंबर महिना आहे. दोन अधिकाऱ्यांपैकी एक बाई सकाळी अकराला टेबलावर असताना भावाचा फोन येतो. वडिलांना पक्षाघाताचा झटका आलाय, पुण्याला हलवतोय. त्या निघतात. नऊ दिवस वडील अतिदक्षता विभागात असतात आणि दहाव्या दिवशी जातात. पुढचं सगळं गावी होतं. बाई शाखेत परततात तोवर तीन आठवडे उलटून गेलेले असतात.

या तीन आठवड्यांत शाखेत काय झालं? पहिली गोष्ट किल्लीची. शाखेची तिजोरी एका माणसाला उघडता येत नाही. दोन किल्ल्या दोघांकडे असतात, आणि इथे एक कॅशिअरकडे तर दुसरी या बाईंकडे होती. त्यामुळे निघण्याआधी किल्ली रजिस्टरला नोंद करून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हवाली करावी लागली. ज्याने ती घेतली तो त्या क्षणापासून अडकला. सकाळी तिजोरी उघडताना तो हवा, संध्याकाळी रोकड जुळून आत जाईपर्यंत तो हवा. दिवाळीत न मिळालेली रजा त्याने या महिन्यासाठी ठेवली होती, ती रद्द झाली. अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नसतो. शिवाय एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून मंजूर करायची असते, आणि गैरहजर माणसाचा पासवर्ड वापरणं हा गुन्हाच समजला जातो. त्यामुळे दोघांत वाटलेली मंजुरी तीन आठवडे त्याच्या एकट्याच्या आयडीवरून चालली.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरची. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे हयातीचे दाखले याच महिन्यात भरायचे असतात. 2014 पासून 'जीवन प्रमाण'ची डिजिटल सोय आहे, तरी म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आणि मग कागदी फॉर्म, सही, पीपीओ नंबर आणि सिस्टिममधली नोंद असं सगळं हाताने करावं लागतं. दाखल्यांचं टेबल बाईंचं होतं. ते एका क्लार्क ताईंनी स्वतःचा काउंटर सांभाळून चालवलं. जेवणाच्या सुट्टीतही खुर्च्यांवर वृद्ध बसलेले असायचे. एक पेन्शनर अंथरुणाला खिळलेले होते, त्यांच्या घरी ताई आणि दप्तरी मामा जाऊन सही घेऊन आले. तिसरी गोष्ट एका घरकर्जाची. स्लॅब पडला होता, पुढचा हप्ता सोडायचा तर बांधकाम पाहून अहवाल द्यावा लागतो. तो क्षेत्र अधिकाऱ्याने स्वतःच्या पीककर्जाच्या भेटींमधून वेळ काढून दिला. नाहीतर त्या ग्राहकाचा मिस्त्री काम बंद करून गेला असता.

यातलं बाईंना परतताना किती माहीत असतं? फारसं काही नाही. शाखाधिकाऱ्यांनी फोनवर इतकंच सांगितलेलं असतं, "मॅडम, इकडची काळजी करू नका, सगळं चाललंय." ते त्यांनी मायेनेच सांगितलेलं असतं. पण त्या 'सगळं'मध्ये कुणाची रजा गेली, कुणाचं जेवण गेलं, हे दडून राहतं. म्हणून परतल्यावर पहिलं काम आभाराचं नसून चौकशीचं आहे. शाखाधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावं, "माझं कोणतं काम कुणी पाहिलं, मला नीट सांगा, लिहून घेते." दुसरी फेरी दप्तरीकडे. कोण उशिरापर्यंत थांबलं, कोण कुणाच्या घरी गेलं, कुणाची बस चुकली, हे दप्तरीइतकं कुणालाच ठाऊक नसतं. किल्ली रजिस्टर आणि व्हाउचरवरच्या सह्या पाहिल्या तरी बरंच कळतं. अर्ध्या तासात एक कागद भरतो. कुणाचं नाव सुटू नये याची काळजी तो कागद घेतो. आभारात राहून गेलेलं एक नाव वर्षानुवर्षं लक्षात राहतं, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याआधी, रुजू होण्याच्या आदल्या दिवशी, शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी टाकायला हरकत नाही. त्या अशा असाव्यात:

"नमस्कार. वडिलांचं 12 तारखेला निधन झालं. आपण भेटायला आलात, फोन केलेत, त्याचा आम्हा सगळ्यांना आधार वाटला. अचानक निघावं लागलं तरी माझं काम तुम्ही सगळ्यांनी सांभाळलंत, म्हणून मला शेवटचे दिवस त्यांच्याजवळ राहता आलं. उद्यापासून रुजू होतेय. प्रत्येकाला भेटून बोलेनच."

या मजकुरात घरचं किती आहे ते पाहा. नातं आहे, घटना आहे, तारीख आहे. आजाराचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही. आणि एक वाक्य मनातलं आहे, शेवटचे दिवस त्यांच्याजवळ राहता आलं. ते वाक्य मी मुद्दाम ठेवलं आहे, कारण सहकाऱ्यांनी जे कष्ट घेतले त्याचं फळ काय, ते त्यात सांगितलं आहे. किल्ली सांभाळणाऱ्याला याहून वेगळं काही ऐकायचं नसतं. दुःखाचं वर्णन न करताही दुःख कळतं. कुणाचं नावही यात नाही, कारण नावं घ्यायची ती समोरासमोर.

आता याउलट जो मजकूर रात्री दोन वाजता, झोप लागत नाही म्हणून लिहिला जातो, त्याचा विचार करू. त्यात झटका आला ती वेळ असते, रुग्णवाहिका मिळायला लागलेला उशीर असतो, व्हेंटिलेटर काढायचा की नाही यावर भावाशी झालेला वाद असतो, बिलाचा आकडा असतो, डॉक्टरांनी हयगय केली असा संशय असतो. लिहिणाऱ्याला त्या क्षणी फार मोकळं वाटतं. सकाळी दहा वाजता तो मजकूर कॅश काउंटरवरचा मुलगा वाचतो आणि आता या बाईंशी कसं बोलायचं या विवंचनेत पडतो. भावाशी झालेला वाद निवळतो, पण तो वाचलेले लोक पुढे भावाला भेटल्यावरही तोच आठवतात. डॉक्टरवरचा आरोप ग्रुपमधून बाहेर जातो आणि उद्या खरोखर तक्रार करायची वेळ आली तर घाईत लिहिलेली वाक्यं आडवी येतात. शिवाय हे सगळं ज्यांच्याबद्दल लिहिलं, ते वडील आयुष्यभर नीटनेटके राहिलेले असतात. त्यांच्या शेवटच्या असहाय दिवसांचं वर्णन बँकेच्या ग्रुपवर यावं, हे त्यांना रुचलं असतं का? अशा रात्री लिहावंसं वाटलं तर जरूर लिहावं, पण वहीत लिहावं किंवा बहिणीला पाठवावं. आभाराचा मजकूर दिवसा लिहावा.

ग्रुपवरच्या चार ओळींनी आभार पूर्ण होत नाहीत. खरे आभार टेबलापाशी जाऊन मानायचे. आणि ते मानताना त्या माणसाचं काम नावानिशी बोलायचं. दुसऱ्या अधिकाऱ्याला बाई म्हणतील, "सर, किल्ली तुमच्याकडे आली आणि तुमची रजा रद्द झाली, हे मला आज कळलं. तीन आठवडे मंजुरीही तुम्ही एकट्याने केलीत. डिसेंबरात तुम्हाला हवी तेव्हा रजा टाका, किल्ली माझ्याकडे राहील." क्लार्क ताईंना म्हणतील, "ताई, तुम्ही जेवण सोडून दाखले घेतलेत असं मामा सांगत होते. आणि त्या आजोबांच्या घरी जाऊन आलात, नाहीतर त्यांची पेन्शन थांबली असती." दप्तरी मामांना म्हणतील, "मामा, त्या दिवशी माझं कपाट बंद करायचंही राहिलं होतं. तुम्ही कागद जपून ठेवलेत म्हणून आज सगळं जागेवर सापडलं." या तिन्ही बोलण्यांत वडिलांचा उल्लेखही आलेला नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला पुरेपूर पोचतं. प्रत्येक बोलणं अर्ध्या मिनिटाचं आहे. काउंटरवर माणूस उभा असला तरी बोलता येतं, पण शक्यतो ग्राहकांची गर्दी ओसरल्यावर बोलावं.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "अहो मॅडम, आभार कसले मानता, उद्या आमच्यावर वेळ आली तर तुम्ही नाही का करणार?" इथे बऱ्याच जणांची गडबड उडते. आपले आभार कमी पडले असं वाटून ते आणखी बोलू लागतात. "तुमचे उपकार जन्मात फिटणार नाहीत," असं म्हणतात. मग उपकार किती मोठे होते हे पटवून देण्यासाठी घरची स्थिती किती वाईट होती ते सांगावं लागतं, आणि नको तितकं सांगणं बहुधा याच वळणावर सुरू होतं. माणूस कनवाळूपणे आभार परतवून लावतो तेव्हा त्याला ते पोचलेले असतात. "हो, नक्की करीन," एवढं म्हणून थांबावं.

उपकारांची भाषा मला आणखी एका कारणाने नको वाटते. त्याने समोरचा माणूस वर आणि आपण खाली असं होऊन बसतं. एका शाखेत बसणाऱ्या दोघांत ते बरं नाही. रजेच्या बदल्यात रजा, दाखल्यांच्या बदल्यात मार्चअखेरीचं एखादं टेबल, अशी नेमकी परतफेड बोलून ठेवली तर दोघेही मान ताठ ठेवून काम करू शकतात. मात्र बोलून ठेवलेलं पाळायला हवं. डिसेंबरात सरांनी रजा मागितली आणि बाईंनी किल्ली घ्यायला कां-कूं केली, तर आधीचे सगळे शब्द वाया गेले.

सहकारी विचारणारच, "मॅडम, नक्की काय झालं होतं वडिलांना?" हा प्रश्न चोंबडेपणाने क्वचितच येतो. न विचारणं हे आपल्याकडे तुटकपणाचं समजलं जातं, म्हणून लोक विचारतात. त्यामुळे उत्तर द्यावं, पण ते आधी ठरवून ठेवावं आणि सगळ्यांना एकच द्यावं. "झटका आला होता, नऊ दिवस होते, फार त्रास झाला नाही. अजून बोलायला जड जातं, पुढे कधीतरी निवांत सांगेन." त्यानंतर लगेच कामाचा एखादा प्रश्न विचारावा, "बरं, त्या घरकर्जाचा हप्ता सुटला का?" विचारणाऱ्यालाही सुटल्यासारखं वाटतं. एकाला थोडं आणि दुसऱ्याला पुष्कळ सांगितलं की चहाच्या वेळी दोन्ही जोडून तिसरंच काही तयार होतं, म्हणून एकच उत्तर बरं.

बोलताना डोळे भरून आले तर त्यात संकोचण्यासारखं काही नाही. रडू येणं म्हणजे जास्त सांगणं नव्हे. जास्त सांगितलं गेलं की नाही हे ओळखायची खूण वेगळी आहे. समोरचा माणूस आपली समजूत घालायला लागला, खुर्ची पुढे ओढू लागला, स्वतःच्या घरातला असाच प्रसंग सांगू लागला, की समजावं की आभार मागे पडले आहेत. तिथे थांबावं, पाणी प्यावं, "तुमचं काम खोळंबलंय, मी येते नंतर," म्हणून उठावं. शाखेत एखादी खरी मैत्रीण असेल तर तिच्याशी मनसोक्त बोलावं, पण बँकेबाहेर, तिच्या घरी किंवा रविवारी. तिच्याशी बोलायचं ते मैत्रीण म्हणून. तिने केलेल्या कामाचे आभार तिलाही वेगळे मानावेत. मैत्रिणीचे आभार हमखास राहून जातात.

काही आजार आणि काही मृत्यू असे असतात की वर दिलेलं एक वाक्यही सांगायचा अधिकार आपल्याला नसतो. भावाचं व्यसन, बहिणीचा गर्भपात, मुलाचा मानसिक आजार, घरातली आत्महत्या. आजार ज्याचा, त्याविषयीची माहिती त्याची असते. आपल्याला रजा लागली म्हणून ती माहिती आपली होत नाही. गर्भपातातून सावरलेली बहीण उद्या आपल्या बँकेत खातं उघडायला आली आणि काउंटरवरच्या मुलीला सगळं ठाऊक असलं, तर तिला काय वाटेल? अशा वेळी "घरात तब्येतीची अडचण होती, आता ठीक आहे" इतकंच म्हणावं. साहेबांना रजेसाठी कागद द्यावा लागला असेल तर तो त्यांच्यापुरता. आभारात त्याने काही कमी येत नाही, कारण आभार कामाचे आहेत, आणि काम तर सांगितलंच आहे.

आजारपण संपलेलं नसेल तेव्हा एक वेगळीच अडचण येते. आईला केमोथेरपी चालू आहे, बहुतेक वेळा दर 21 दिवसांनी एक फेरी असते, आणि पुढचे चार महिने दर फेरीला दोन-तीन दिवस रजा लागणार आहे. इथे आभार आणि पुढची विनंती एका दमात बोलू नये. "गेल्या वेळी तुम्ही माझं टेबल पाहिलंत, खूप आधार झाला, आणि हो, येत्या बुधवारीही..." असं वाक्य झालं की आधीचे आभार विनंतीची प्रस्तावना ठरतात. आभार आज मानावेत. विनंती उद्या, शाखाधिकाऱ्यांसमोर, तारखा लिहून करावी. 'या तारखांना मी नसेन, त्या दिवशी किल्ली आणि मंजुरी कुणाकडे असेल ते ठरवू या.' तारखा आधी कळल्या तर सहकाऱ्यांना आपापल्या रजा त्याप्रमाणे लावता येतात. आईला कोणता कर्करोग आहे, कोणत्या टप्प्यात आहे, हे त्या कागदावर लिहायची गरज नसते. सहकाऱ्याला तारीख हवी असते.

परतल्यावर चुकाही सापडतात. समजा, दाखल्यांच्या गर्दीत ताईंकडून एका पेन्शनरचा पीपीओ नंबर चुकून दुसऱ्याच्या नावापुढे पडला. नोव्हेंबरचा दाखला सिस्टिमला नोंदला गेला नाही तर पुढची पेन्शन अडते, म्हणून ही चूक तातडीने सुधारायला हवी. पण आभार मानायला गेल्यावर "फक्त एक नंबर चुकला बघा" असं जोडू नये. दोन वेगळ्या वेळी दोन वेगळी बोलणी करावीत. चूक सुधारताना ताईंना शेजारी बसवून, दोघींनी मिळून, साहेबांपर्यंत न नेता दुरुस्त करता येत असेल तर तशी करावी. आणि चूक सापडली म्हणून आभार आवरते घेऊ नयेत. दीडशे दाखल्यांत एक चुकला असेल, तर बाकीचे बरोबर आहेत.

काम परत घेणं हासुद्धा आभाराचाच भाग आहे, आणि तो बोलण्याहून महत्त्वाचा आहे असं मी मानतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाजवळ दहा-पंधरा मिनिटं बसून काय झालं, काय उरलं, ते लिहून घ्यावं. दाखल्यांचा गठ्ठा आपल्या टेबलावर आणावा. "असू द्या मॅडम, बघते मी अजून काही दिवस," असं ताई म्हणतील. त्याला लगेच हो म्हणू नये. मात्र मंजुरीचं काम घेताना स्वतःला तपासावं. अंगात झोप नाही, आकड्यांवर लक्ष ठरत नाही, अशा अवस्थेत मोठ्या रकमांना मंजुरी देणं धोक्याचं असतं. तेव्हा साहेबांना सरळ सांगावं, "या आठवड्यात मोठ्या रकमा सरांकडेच असू द्या, दाखले आणि कर्जाच्या फायली मी घेते. पुढच्या सोमवारपासून सगळं माझ्याकडे." तारीख बोलली की सहकाऱ्याला शेवट दिसतो. शेवट दिसत नसलेलं जादा काम माणसाला दुप्पट वाटतं.

खाऊचं काय? वडील बरे होऊन घरी आले असते तर पेढे आणणं आपल्या रीतीला धरून झालं असतं. मृत्यूनंतर लगेच मिठाईचा पुडा आणला तर घेणाऱ्याचा हात अडखळतो. काही दिवसांनी सगळ्यांना चहा-नाश्ता सांगितला तर चालतो, पण त्याने काम नावानिशी बोलण्याची जागा भरून निघत नाही. महागड्या वस्तू देणं मला पटत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये भेटवस्तू स्वीकारण्यावर मर्यादा घातलेल्या आहेत, आणि हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला काही देणं तर कुठेच शोभत नाही.

वस्तूपेक्षा शंभर पटीने मोलाचा असतो एक कागद. सहकाऱ्याने केलेलं जादा काम शाखाधिकाऱ्यांनी पाहिलेलं असतं, पण कागदावर ते कुठेच नसतं. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ते कुणाला आठवत नाही. म्हणून शाखाधिकाऱ्यांना ऑफिसच्या ईमेलवर लिहावं:

"महोदय, माझ्या रजेच्या काळात खालील सहकाऱ्यांनी माझं काम सांभाळलं. जॉइंट कस्टडीची किल्ली आणि सर्व मंजुरी, हयातीचे दाखले व घरी जाऊन घेतलेली सही, घरकर्जाची स्थळपाहणी. यातील प्रत्येकाने हे स्वतःचं काम सांभाळून केलं. त्यांची नावं कामासह सोबत दिली आहेत. याची नोंद घ्यावी, ही विनंती."

या पत्रात वडिलांचा आजार नाही, मृत्यू नाही, भावनेचा शब्द नाही. ते फाइलला लागतं आणि वर्षभराने वाचणाऱ्या अनोळखी वरिष्ठालाही समजतं. दप्तरी मामांचं नाव त्यात असायलाच हवं. अशा यादीत त्यांचं नाव गाळायची आपल्या ऑफिसांत वाईट सवय आहे.

आणि एक माणूस या सगळ्यात हमखास सुटतो. शाखेत माणूस कमी पडला की शेजारच्या शाखेतून कुणाला तरी चार-पाच दिवस डेप्युटेशनवर पाठवतात. तो रोज दुसऱ्या गावाहून एसटीने येतो, अनोळखी ग्राहकांची बोलणी खातो आणि आपण रुजू व्हायच्या आत परत गेलेला असतो. आपण त्याला पाहिलेलंही नसतं. ग्रुपवर तो नाही, चहाला तो नाही, शाखाधिकाऱ्यांना दिलेल्या यादीतही त्याचं नाव आपोआप येत नाही. वरच्या पत्राची एक प्रत त्याच्या शाखाधिकाऱ्यांना पाठवा. त्याचा नंबर आपल्या शाखेत कुणाकडे ना कुणाकडे असतो. तो मागून घ्या आणि रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याला फोन करा.